दहावी विज्ञान: अणू लहान म्हणून लिथियम थंड आणि अणू लहान म्हणूनच फ्लोरीन तापट? हे कसं काय?

स्वरदा_नाशिक

मुलगी यंदा दहावीला आहे. पूर्वपरीक्षेचे पेपर काल हातात आले. विज्ञान भाग १ मधला एक प्रश्न घरात वादाचा विषय झालाय, म्हणून इथे टाकतेय.

प्रश्न असा होता: "लिथियमचा अणू सिझियमपेक्षा लहान आहे आणि फ्लोरीनचा अणू आयोडीनपेक्षा लहान आहे. तरीही लिथियम त्याच्या गणात सर्वांत कमी क्रियाशील, तर फ्लोरीन त्याच्या गणात सर्वांत जास्त क्रियाशील आहे. कारण स्पष्ट करा." गुण ३.

तिने लिहिलं: "गणात वरून खाली जाताना कवचांची संख्या वाढते, त्यामुळे अणूचे आकारमान वाढते, म्हणून क्रियाशीलता वाढते. फ्लोरीनला अष्टक पूर्ण करण्यासाठी एकच इलेक्ट्रॉन लागतो, म्हणून तो जास्त क्रियाशील असतो."

मिळाला १ गुण. बाजूला लाल शाईत एकच शब्द: "कारण?"

तिचं म्हणणं, कारणच तर लिहिलंय! मी कॉमर्सवाली, नवरा सिव्हिलवाला. आम्हाला दोघांनाही उत्तर बरोबरच वाटतंय. नेमकं काय राहिलं?

पंचवटीकर

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या वेळी आवर्तसारणी म्हणजे भिंतीवरचा एक तक्ता, ज्याच्या मागे पाल राहायची. एवढंच आठवतं.

उदय_सिडको

ताई, जानेवारी उजाडला की टेस्ट सिरीज लावून टाका. कॉलेज रोडला दोन पावलांवर एक क्लास आहे. पोरांना सराव नसतो, दुसरं काही नाही.

स्वरदा_नाशिक

उदयदादा, क्लास आहे हो. क्लासच्या नोट्समध्येही हीच वाक्यं आहेत, तिने तिथूनच पाठ केलीत. प्रश्न क्लासचा नाही, उत्तराचा आहे.

सातपूरकर

पेपर काढणाऱ्याचाच पाया कच्चा आहे. लिथियम कमी क्रियाशील कोण म्हणतं? मी बॅटरीच्या धंद्यात आहे. लिथियमचं प्रमाण विद्युत विभव उणे ३.०४ व्होल्ट, सोडियमचं उणे २.७१. धातूंच्या रांगेत लिथियम सगळ्यांच्या वर. म्हणूनच तर मोबाईलपासून गाडीपर्यंत लिथियम. प्रश्नच चुकीचा असेल तर मुलीला पूर्ण गुण द्यायला हवेत. शाळेत जाऊन भांडा.

अनुजा_के

अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. सातपूरकरांच्या लिथियमवर नंतर येते, ते आकडे बरोबर आहेत पण ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. आधी मुलीचं उत्तर बघू.

त्यातलं दुसरं वाक्य घ्या. "फ्लोरीनला अष्टक पूर्ण करायला एकच इलेक्ट्रॉन लागतो." खरं आहे. पण आयोडीनलाही एकच लागतो. क्लोरीनला, ब्रोमीनला, सगळ्या गणाला एकच लागतो, म्हणून तर ते एका गणात आहेत. जी गोष्ट दोघांतही सारखी आहे ती दोघांमधल्या फरकाचं कारण होऊच शकत नाही. लाल शाईतल्या "कारण?" चा अर्थ बहुतेक हाच.

पहिल्या वाक्यात "आकारमान वाढते, म्हणून क्रियाशीलता वाढते" असं आहे. इथे मधली पायरी गाळली. आकार वाढला की क्रियाशीलता आपोआप वाढते असं तिने गृहीत धरलं, आणि तसं असेल तर आयोडीन फ्लोरीनपेक्षा तापट हवा. म्हणजे तिचं पहिलं वाक्य तिच्याच दुसऱ्या वाक्याशी भांडतंय. प्रश्न मुद्दाम तसा रचलाय. पाठ केलेली एकच ओळ दोन्हीकडे चालू नये म्हणून.

आकार थेट क्रियाशीलता ठरवत नाही. आकार ठरवतो ते फक्त एवढंच की सगळ्यात बाहेरच्या कवचावर केंद्रकाची पकड किती. त्यानंतर स्वतंत्रपणे विचारायचं: या मूलद्रव्याचा धंदा इलेक्ट्रॉन द्यायचा की घ्यायचा? द्यायचा असेल तर पकड सैल असणं सोयीचं. घ्यायचा असेल तर पकड घट्ट हवी. लिथियमचा आणि फ्लोरीनचा, दोघांचेही अणू लहान आणि दोघांचीही पकड आपापल्या गणात सर्वांत घट्ट. लिथियमला ती आड येते, फ्लोरीनला ती उपयोगी पडते.

पंचवटीकर

अरे वा, हे तर आम्हालाही कळलं. म्हणजे येवल्याच्या संक्रांतीसारखं. मांजा जेवढा लांब सोडाल तेवढा पतंग हातातून जायची शक्यता जास्त. सिझियमचा मांजा लांब, लिथियमचा आखूड. बरोबर ना?

अनुजा_के

लक्षात ठेवायला ठीक, पेपरात नको. 😀 मांजा लांब सोडला म्हणून त्याचा ताण कमी होत नाही, उलट वरच्या वाऱ्यात वाढतोच. अणूत अंतर वाढलं की ओढच कमी होते. आणि अंतर ही गोष्टीची एक बाजू झाली. केंद्रक आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन यांच्यामध्ये आतल्या कवचांचे इलेक्ट्रॉन उभे असतात, ते केंद्रकाचा धनप्रभार झाकतात. पतंगात तसं काही नाही.

पंचवटीकर

काटला गेलो. ढील देतो.

आर्यन_अकरावी

मॅडम, हे झाकणं म्हणजे आम्हाला यंदा आहे ते परिरक्षण ना? पण मग एक गोंधळ आहे. लिथियमचे प्रोटॉन ३ आणि सिझियमचे ५५. ५५ प्रोटॉन ओढत असताना पकड सैल कशी? दहावीत सर म्हणाले "कवच वाढलं की आकर्षण कमी", आम्ही लिहिलं. पण ५५ कुठे आणि ३ कुठे.

अनुजा_के

हा प्रश्न फार कमी मुलं विचारतात.

ढोबळ हिशोब करून बघ. प्रोटॉनांमधून आतल्या कवचांतले इलेक्ट्रॉन वजा कर. लिथियम: ३ वजा २, उरला १. सोडियम: ११ वजा १०, उरला १. पोटॅशियम: १९ वजा १८, पुन्हा १. सिझियम: ५५ वजा ५४, १. बाहेरच्या इलेक्ट्रॉनला प्रत्येक वेळी साधारण एकाच प्रोटॉनाएवढी ओढ दिसते. बाकीचे ५४ झाकले गेले. म्हणजे गणात खाली जाताना ओढणारा प्रभार जवळपास तोच राहतो आणि बदलतं ते फक्त अंतर. लिथियमची त्रिज्या १५२ पिकोमीटर, सोडियम १८६, पोटॅशियम २३१, सिझियम २६२. बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जाही त्याच क्रमाने उतरते: मोलमागे ५२०, ४९६, ४१९ आणि ३७६ किलोजूल.

आता हॅलोजनांना हाच हिशोब लाव. फ्लोरीन ९ वजा २, उरले ७. क्लोरीन १७ वजा १०, ७. आयोडीन ५३ वजा ४६, पुन्हा ७. इथेही प्रभार तोच आणि अंतरच बदलतंय. फ्लोरीनमध्ये येणारा इलेक्ट्रॉन दुसऱ्याच कवचात, केंद्रकाच्या जवळ बसतो. आयोडीनमध्ये तो पाचव्या कवचात, लांब.

खरं परिरक्षण इतकं काटेकोर नसतं. आतले इलेक्ट्रॉन शंभर टक्के झाकत नाहीत आणि शेजारचेही थोडं झाकतात, त्यामुळे खरा आकडा १ किंवा ७ येत नाही. पण दहावीच्या प्रश्नांपुरता हा हिशोब दिशा चुकू देत नाही.

फळा_आणि_खडू

मी दहावीच्या उत्तरपत्रिका तपासतो, म्हणून थोडं कडू बोलतो. वरचं सगळं सुंदर आहे, पण तीन गुणांच्या उत्तरात ५५ वजा ५४ कोणी मागत नाही. तपासणारा नमुना उत्तराशी ताडून बघतो. कवचांची संख्या वाढते, केंद्रक व बाह्यतम इलेक्ट्रॉन यांतील अंतर वाढते, केंद्रकाचे आकर्षण कमी होते, इलेक्ट्रॉन देण्याची प्रवृत्ती वाढते. हे चार दुवे आले की गुण. या मुलीने दुसरा, तिसरा आणि चौथा दुवा टाकलाच नाही. पहिल्यावरून थेट निष्कर्षावर उडी.

अष्टकाबद्दल मात्र मी अनुजाताईंशी पूर्ण सहमत नाही. "अष्टक पूर्ण करण्यासाठी" हे पुस्तकात आहे, मुलं लिहिणारच, आणि मी त्याला अर्धा गुण देतो.

अनुजा_के

सर, अष्टकाचा उल्लेख आला तर गुण द्या की. माझा आक्षेप एवढाच की अष्टक सांगतं *किती* इलेक्ट्रॉन द्यायचे-घ्यायचे. किती *सहज*, हे ते सांगत नाही. तुलनेच्या प्रश्नात "सहज" विचारलेलं असतं.

मोहाडीचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. आमचा विषय नाही, पण पोटॅशियमचं नाव वाचून थांबलो. द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरायला लागलं की आम्ही शून्य-शून्य-पन्नास देतो. म्हणजे पोटॅशच. दोनशे लिटरच्या टाकीत पुडे ओतायचे, काठीने ढवळायचं, ड्रीपला जोडायचं. आजवर टाकीत साधा बुडबुडा पाहिला नाही. आणि म्हणे पोटॅशियम पाण्यात पेट घेतं. मग आमच्या पुड्यात कंपनी काय भरते? की भेसळ आहे?

पंचवटीकर

दादा, बुडबुडा आला असता तर बागेऐवजी तुमच्या नावाने अग्निशमन दलाला फोन आला असता.

अनुजा_के

भेसळ नाही, पुडा अस्सल आहे. त्यात पोटॅशियम सल्फेट आहे. त्यातल्या पोटॅशियमने आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन कधीच देऊन टाकलाय. क्रियाशील असतो तो धातू, कारण त्याला अजून द्यायचं असतं. देऊन झाल्यावर जो आयन उरतो त्याच्याकडे देण्यासारखं सहजी काही राहत नाही. चौथं कवच रिकामं होतं, खाली राहतात भरलेली तीन कवचं. त्यामुळे आकारही एकदम घटतो. धातूच्या अणूची त्रिज्या २३१ पिकोमीटर, आयनाची साधारण १३८.

खरं तर गोष्ट उलट्या दिशेने झाली. पोटॅश माणसाला लाकडाच्या राखेतून फार जुन्या काळापासून माहीत होतं. त्यातून धातू काढायला १८०७ साल उजाडलं. हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडली आणि गेलेला इलेक्ट्रॉन आयनावर जबरदस्तीने परत चढवला, तेव्हा कुठे धातूचे चकाकणारे थेंब दिसले. जो धातू इलेक्ट्रॉन इतक्या सहज देतो त्याला तो परत घ्यायला लावणं तितकंच अवघड.

आणि मुलांच्या उत्तरांतली एक नेहमीची चूक तुमच्या टाकीतच आहे. "सोडियम क्लोराइड पाण्यात क्रियाशील असते, कारण सोडियम क्रियाशील आहे" असं मुलं बेधडक लिहितात. अणू आणि आयन यांत फरकच करत नाहीत.

मोहाडीचा_बागायतदार

हे मस्त सांगितलंत. म्हणजे आम्ही विकत घेतो तो दमलेला पोटॅशियम. बरं आहे, वेलीलाही तसाच हवा असेल.

दगडूतात्या

तीस एक वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. पुस्तकातलं ठाऊक नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

सोडियम घासलेटच्या बाटलीत असायचं. चिमट्याने काढायचं, टिपकागदावर घासलेट टिपायचं आणि सुरीने कापायचं. पनीर कापल्यासारखं जातं. कापलेली बाजू चांदीसारखी लखलखते, पण मुलं मान पुढे काढून बघेपर्यंत मळकट होऊन जाते. मसुरीच्या डाळीएवढा तुकडा काचेच्या पसरट भांड्यातल्या पाण्यावर टाकायचा. तो बुडत नाही. वितळून गोल गोळी होते आणि ती फुसफुसत पाण्यावर इकडून तिकडे पळते. पाण्यात आधी फिनॉलफ्थॅलीन टाकलं असेल तर गोळीच्या मागे गुलाबी रेघ ओढली जाते.

पोटॅशियम एकदाच आलं होतं शाळेत. तेवढाच तुकडा टाकला तर लगेच फिकट जांभळी ज्योत. बाई म्हणाल्या, तात्या, पुन्हा नको. लिथियम मी कधी हाताळलं नाही.

कोणी घरी करू नये. डोळ्याला काच आणि मध्ये आडोसा असल्याशिवाय आम्हीही करत नव्हतो.

स्वरदा_नाशिक

तात्या, मुलीला वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न: "आमच्या शाळेत का नाही दाखवत?" याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सातपूरकर

गोष्टी छान आहेत, पण माझ्या आकड्याचं काय झालं? उणे ३.०४ खोटं आहे का? बॅटरीवाले सगळे वेडे आहेत का?

अनुजा_के

आकडा खरा आहे. पण विभव सांगतं ते सुरुवात आणि शेवट यांच्यातला ऊर्जेचा फरक: इकडे घन धातू, तिकडे पाण्यातला आयन. मधे कितीही वेळ लागो. वर्गात आपण ज्याला क्रियाशील म्हणतो त्यात वेग मिसळलेला असतो. किती जोरात, किती पटकन.

लिथियमचा शेवटचा आकडा मोठा येतो, कारण त्याचा आयन फारच छोटा आहे. त्याच्याभोवती पाण्याचे रेणू इतके घट्ट जमतात की त्यातून भरपूर ऊर्जा सुटते. इलेक्ट्रॉन काढायला बसलेला जास्तीचा खर्च तिथे वसूल होऊन वर शिल्लक राहते. म्हणजे लहान आकार लिथियमला सुरुवातीला महाग पडतो आणि पाण्यात गेल्यावर फायद्याचा ठरतो.

मग पाण्यात टाकल्यावर तो थंड का वाटतो? एक कारण तात्यांच्या गोळीत आहे. सोडियम ९८ अंशांना वितळतं, पोटॅशियम ६३ ला. क्रियेची उष्णता त्यांना लगेच वितळवते, नवा पृष्ठभाग सतत उघडा पडतो आणि क्रिया आणखी भडकते. लिथियमला वितळायला १८० अंश लागतात. तो बराच वेळ घनच राहतो आणि सावकाश बुडबुडे सोडत बसतो. दुसरं कारण तेच जुनं, त्याचा इलेक्ट्रॉन सुटायला अवघड.

तेव्हा "लिथियम गणात सर्वांत कमी क्रियाशील" हे पाण्याशी किंवा हवेशी होणाऱ्या क्रियेच्या जोराबद्दल बरोबर आहे. बॅटरीच्या व्होल्टबद्दल ते बोलत नाही.

सातपूरकर

मग प्रश्नात "पाण्याशी" असं लिहायला हवं होतं. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर. मी अजूनही म्हणतो की प्रश्न सदोष आहे.

फळा_आणि_खडू

याबाबत सातपूरकरांशी सहमत. "कशाशी क्रिया" हे न सांगता क्रियाशीलता विचारणं ही पेपर काढणाऱ्यांची सवय झाली आहे. पण म्हणून बोर्डात उणे ३.०४ लिहून आलात तर मी काय, कोणीच गुण देणार नाही.

आर्यन_अकरावी

तात्यांच्या घासलेटवरून आठवलं. लिथियम घासलेटात ठेवलं तर तरंगतं ना? घनता ०.५३ च आहे.

अनुजा_के

तरंगतं. वरची बाजू हवेत उघडी राहते, म्हणून त्याला पॅराफिनमध्ये किंवा व्हॅसलीनमध्ये गुंडाळून ठेवतात.

आर्यन_अकरावी

आणि फ्रान्सियम? सिझियमच्याही खाली आहे म्हणजे सगळ्यात क्रियाशील तेच. आमच्या वर्गात यावर पैज लागलीय.

अनुजा_के

पैज कुणी जिंकली हे सांगणं कठीण. फ्रान्सियमचा सगळ्यात जास्त टिकणारा समस्थानिकही २२ मिनिटांत अर्धा होतो. पाण्यात टाकून बघण्याएवढा तुकडा कोणी जमवलेला नाही. आणि त्याचा इलेक्ट्रॉन काढायला साधारण ३९३ किलोजूल लागतात, सिझियमला ३७६. म्हणजे तळाशी आल्यावर क्रम थोडा उलटतो. इतक्या जड केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरतात, त्याचा तो परिणाम. पेपरात विचारलं तर पुस्तकात असेल ते लिही. पैजेचे पैसे मात्र परत घ्या सगळे.

पंचवटीकर

पैज लावून मिसळ खायची सोडून पोरं फ्रान्सियमवर बोलतायत. नाशिकचं कसं व्हायचं.

फळा_आणि_खडू

अनुजाताई, तुम्ही लिथियमचा अपवाद सांगितलात, फ्रान्सियमचा सांगितलात. मग फ्लोरीनचाही सांगा की. बारावीला शिकवताना तुम्हीच म्हणत असाल की इलेक्ट्रॉन घेताना क्लोरीन जास्त ऊर्जा सोडतो, फ्लोरीन कमी. मग "लहान अणू, घट्ट पकड" हे तुमचं कारण फ्लोरीनपाशीच मोडतं.

अनुजा_के

नेमकं बोट ठेवलंत. सुट्या अणूला एक इलेक्ट्रॉन दिला तर क्लोरीन मोलमागे ३४९ किलोजूल सोडतो, फ्लोरीन ३२८. फ्लोरीनचं दुसरं कवच इतकं छोटं की आधीच्या सात जणांची तिथे दाटी होते आणि ते नव्याला ढकलतात. त्याच्या खाली क्रम नीट आहे: क्लोरीन ३४९, ब्रोमीन ३२५, आयोडीन २९५.

तरी फ्लोरीन पहिला, कारण प्रत्यक्षात आपण सुटा अणू घेत नाही, दोन अणूंची जोडी घेतो. फ्लोरीनची जोडी फोडायला साधारण १५९ किलोजूल पुरतात, क्लोरीनची फोडायला २४३. शिवाय तयार होणारा फ्लोराइड आयन छोटा असल्याने स्फटिकात किंवा पाण्यात फार घट्ट बसतो. म्हणजे लहान आकार इथेही कामाला येतोच, फक्त दहावीच्या पुस्तकात सांगितलेल्या एकाच वाटेने नाही. फ्लोरीन वेगळा काढायला आंरी म्वासाँला १८८६ पर्यंत थांबावं लागलं ते उगीच नाही. आधी प्रयत्न करणारे कित्येक जण त्याच्या वाफांनी आजारी पडले, काही जिवानिशी गेले.

फळा_आणि_खडू

म्हणजे दहावीला आपण अर्धसत्य शिकवतो, हे मान्य?

अनुजा_के

क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीनपुरतं पूर्ण सत्य, फ्लोरीनपुरतं अपुरं. मी पेपर काढला असता तर फ्लोरीनऐवजी क्लोरीन आणि आयोडीन घेतले असते. ते वर्गात दाखवताही येतं. पोटॅशियम आयोडाइडच्या बिनरंगी द्रावणात क्लोरीनचं पाणी टाकलं की ते तपकिरी होतं, कारण क्लोरीनने आयोडाइडकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतलेला असतो. थोडा स्टार्च घातला तर निळंकाळं. उलट, मिठाच्या द्रावणात आयोडीन टाका, काही होत नाही. कोणाची पकड घट्ट ते समोर दिसतं.

सातपूरकर

हे पटलं. इलेक्ट्रोप्लेटिंगमध्येही कोण कोणाला हुसकावतं यावरच सगळं असतं.

स्वरदा_नाशिक

सगळ्यांचे आभार. काल रात्री लेकीने धागा पूर्ण वाचला आणि उत्तर पुन्हा लिहिलं. जसंच्या तसं टाकते, सरांनी तपासावं:

"गण १ मधील मूलद्रव्ये क्रियेत इलेक्ट्रॉन देतात. लिथियमला दोनच कवचे असल्याने त्याचा बाह्यतम इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळ असतो. त्यावर केंद्रकाचे आकर्षण जास्त असते, म्हणून तो सहज दिला जात नाही. सिझियममध्ये सहा कवचे असल्याने हे अंतर जास्त व आकर्षण कमी असते. गण १७ मधील मूलद्रव्ये क्रियेत इलेक्ट्रॉन घेतात. फ्लोरीनचा अणू लहान असल्याने बाहेरून येणारा इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळ येतो व जास्त ओढला जातो. आयोडीनला पाच कवचे असल्याने ही ओढ कमी पडते. म्हणून लहान आकारामुळे इलेक्ट्रॉन देणे कठीण होते, पण घेणे सोपे होते."

फळा_आणि_खडू

तीनपैकी तीन. "ओढ" च्या जागी "आकर्षण बल" लिहायला सांगा, काही तपासनीस चिकित्सक असतात.

अनुजा_के

शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं दिसतंय. ते कोणत्याही नोट्समध्ये नाही. आता तिला एक विचारून बघा: सोडियम मोठा की क्लोरीन? बरीच मुलं क्लोरीन म्हणतात, कारण ११ पेक्षा १७ मोठा.

स्वरदा_नाशिक

विचारलं. म्हणाली सोडियम. "दोघांची कवचं तीनच, आतले दहा-दहा. सोडियमचा उरला १, क्लोरीनचे उरले ७. मग क्लोरीनचं कवच आत ओढलं जाणार." त्रिज्या बघितली, १८६ आणि ९९.

आणि आता उलट तिनेच विचारलंय: मॅग्नेशियमचे उरतात २, अणू सोडियमपेक्षा लहान, म्हणून ते थंड पाण्यात गप्प बसतं, इथवर ठीक. पण त्याला दोन इलेक्ट्रॉन द्यायचे असतात. पहिला गेल्यावर दुसऱ्यावरची पकड आणखी घट्ट होणार ना? मग तो दुसरा देतोच कशाला, एकावर का थांबत नाही?

अनुजा_के

पकड घट्ट होते, बरोबर. पहिल्याला ७३८ किलोजूल, दुसऱ्याला १४५१. तरी देतो, कारण दोन धनप्रभारांचा छोटा आयन ऑक्साइडच्या किंवा क्लोराइडच्या स्फटिकात इतका घट्ट बसतो की खर्च भरून निघून वर शिल्लक राहते. तिसरा मात्र कधीच देत नाही. तो आतल्या भरलेल्या कवचातून काढावा लागतो, त्याला ७७३३ लागतात आणि तेवढी भरपाई कोणताच स्फटिक करत नाही.

आर्यन_अकरावी

मॅडम, हे आम्हाला अजून शिकवलं नाही.

पंचवटीकर

दहावीच्या पोरीने विचारलंय, तू अकरावीत आहेस. गप्प वाच.